एक जण खेळणार, बाकीचे बघणार: सगळ्यांना गुंतवून ठेवणारे गेम कसे निवडायचे

आमच्या घरी कंट्रोलर माझ्या हातात असतो आणि आई व धाकटा भाऊ शेजारी बसून गोष्ट बघतात. दोघांनाही खेळायची हौस नाही. पण पुढे काय झालं हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तुमच्याकडेही असं होऊ शकेल असं वाटत असेल, तर पुढची माहिती उपयोगी पडेल. चांगला गेम आणला की सगळे आपोआप बघतील, ही समजूत मात्र आधी सोडा. खेळायला उत्तम असलेले बरेच गेम बघायला कंटाळवाणे असतात. कारण साधं आहे. खेळणाऱ्याचे हात गुंतलेले असतात आणि बघणाऱ्याला काहीच काम नसतं. ज्या गेममध्ये नुसतं बघून, ऐकून, विचार करून मदत करता येते, तो गेम घरात टिकतो.

1. आधी तयारी: काय काय लागेल

गेम चालेल असा कन्सोल किंवा कॉम्प्युटर आणि तो जोडलेला टीव्ही हे तर आलंच. लॅपटॉपच्या स्क्रीनभोवती तिघांनी दाटीवाटीने बसून गोष्ट बघता येत नाही. लॅपटॉपच असेल तर एचडीएमआय केबलने तो टीव्हीला जोडा, आणि आवाज टीव्हीतून येतोय ना हेही बघून घ्या. चार्ज केलेला कंट्रोलर हवा, एक वही आणि पेन हवं. वहीचं काम पुढे कळेलच.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे अपडेट. सगळे जमले, गेम सुरू केला, आणि स्क्रीनवर डाउनलोडची पट्टी सरकायला लागली, की मंडळी उठून जातात आणि परत येत नाहीत. म्हणून गेम आदल्या दिवशीच इन्स्टॉल करा, एकदा उघडून मुख्य मेनूपर्यंत जा, सेटिंग लावा आणि बंद करा.

2. गेम निवडताना विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न: हरल्यावर किती मागे जावं लागतं? ज्या गेममध्ये एकाच राक्षसाशी पुन्हा पुन्हा लढावं लागतं, तिथे खेळणाऱ्याला दर वेळी थोडी प्रगती जाणवते, पण बघणाऱ्याला तीच दोन मिनिटं परत परत दिसतात. असा गेम घ्यायचाच असेल तर सर्वात सोपी पातळी लावा. ‘गॉड ऑफ वॉर’च्या 2018 च्या भागात सर्वात सोप्या पातळीचं नावच ‘गिव्ह मी अ स्टोरी’ आहे. घरच्यांबरोबर बघताना तीच निवडा, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

दुसरा प्रश्न: मेनूत किती वेळ जातो? चिलखतं बदलणं, वस्तू विकणं, नकाशावर खुणा करत फिरणं हे खेळणाऱ्याला आवडतं, पण बघणाऱ्यासाठी तेवढा वेळ गोष्ट थांबलेली असते. मोठ्या मोकळ्या जगाचे गेम इथेच मार खातात, त्यांची गोष्ट कितीही चांगली असली तरी.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: बघणाऱ्याच्या हाताला नाही तरी डोक्याला काम आहे का? असं काम मुख्यतः दोन प्रकारचं असतं. एक, पात्राने काय करावं ते ठरवणं. दुसरं, खेळणाऱ्याच्या नजरेतून सुटलेलं टिपणं. यातलं एकही नसेल तर तो गेम नुसता सिनेमासारखा बघावा लागतो, आणि त्यासाठी तो छोटा असावा.

3. सेटिंग: डोकं गरगरणं आणि न वाचता येणारी अक्षरं

गाडी चालवणाऱ्यापेक्षा मागे बसलेल्याला मळमळ जास्त होते, कारण गाडी कधी वळणार हे त्याला आधी कळत नाही. गेम बघणाऱ्याचं नेमकं तेच होतं. कॅमेरा तुम्ही फिरवता, म्हणून तुम्हाला काही होत नाही. शेजारी बसलेली व्यक्ती वीस मिनिटांनी ‘जरा डोळे दुखतायत’ म्हणून उठते. ती कंटाळली असं समजू नका, आधी कॅमेऱ्याचा वेग कमी करा. मोशन ब्लर बंद करा. कॅमेरा हलणं किंवा चालताना डोकं वरखाली होणं असा पर्याय मेनूत असेल तर तोही बंद करा. खोलीत दिवा चालू ठेवा आणि बघणाऱ्यांना टीव्हीपासून थोडं लांब बसवा. खेळताना स्वतःलाही एक सवय लावा: विनाकारण इकडेतिकडे बघायचं नाही आणि मोठं वळण घेण्याआधी ‘मागे वळतेय’ असं सांगायचं. तरीही कोणाला त्रास होत असेल तर नायकाच्या डोळ्यांतून दिसणारे गेम त्या व्यक्तीसोबत नकोत. कॅमेरा बाजूने किंवा लांबून बघतो असे गेम घ्या.

सबटायटल्स लावा, त्यांचा आकार सर्वात मोठा करा, आणि बोलणाऱ्याचं नाव दिसण्याची सोय असेल तर तीही लावा. तुम्हाला बोलणारा कोण हे माहीत असतं, पण मधूनच डोकं वर करणाऱ्याला ते कळत नाही. संवादांचा आवाज पूर्ण ठेवा, संगीत आणि इतर आवाज थोडे खाली आणा.

घरात कोणाला गेमची भाषा पुरेशी समजत नसेल तर दर वाक्याचं भाषांतर करत बसू नका, तुमचं खेळणं आणि त्यांचं बघणं दोन्ही तुटतं. अशा वेळी संवादच नसलेले गेम शोधा. ‘जर्नी’ (2012) साधारण दोन तासांत संपतो आणि त्यात एकही बोललेला शब्द नाही. ‘ग्रिस’ (2018) मध्येही कोणी बोलत नाही, नायिका मरत नाही, आणि प्रत्येक टप्प्यावर जगात नवा रंग उतरतो.

4. पहिली संध्याकाळ: एका बैठकीत संपेल असं घ्या

सुरुवातीलाच चाळीस तासांची गोष्ट काढली की दुसऱ्या आठवड्यात कोणाला कोण पात्र कोण ते आठवत नाही. पहिल्यांदा एका बैठकीत, फार तर दोन बैठकींत संपणारा गेम घ्या. माझी पसंती ‘व्हॉट रिमेन्स ऑफ इडिथ फिंच’ला (2017). एक मुलगी आपल्या जुन्या घरी परत येते आणि खोल्यांमधून फिरताना कुटुंबातल्या एकेका माणसाचा शेवट कसा झाला ते उलगडत जातं. दोन ते तीन तासांत गोष्ट पूर्ण होते, त्यात हरणं नाही, आणि प्रत्येक माणसाची कथा वेगळ्या पद्धतीने सांगितलेली आहे. पडद्यावरची वाक्यं त्या जागेतच, भिंतींवर आणि हवेत उमटतात, त्यामुळे बघणाऱ्याला खाली वाचायला आणि वर बघायला लागत नाही.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्या. यात लहान मुलांचेही मृत्यू आहेत, आणि त्यांतला एक प्रसंग पालकांना फार जड जातो. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर हा गेम आत्ता नको. एरवीही गेमच्या पानावरचं वयाचं लेबल आणि त्याखालचं कारण आधी वाचा. खेळणारा एकटा असताना त्याकडे काणाडोळा चालतो, सगळे बघत असताना चालत नाही.

5. सविस्तर उदाहरण: ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’

बघणाऱ्यांना खरं काम देणारा एकच गेम सांगायचा झाला तर मी हाच सांगेन. ल्यूकस पोप यांनी तो 2018 मध्ये काढला. काळ 1807 चा. ओब्रा डिन नावाचं हरवलेलं व्यापारी जहाज परत येतं, आणि त्यावर एकही जिवंत माणूस नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. जहाजावर एकूण 60 जण होते. प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं, आणि मारलं असेल तर कोणी, हे शोधून गेममधल्या वहीत भरायचं, एवढंच काम.

तुमच्याकडे एक घड्याळ असतं. प्रेताजवळ ते उघडलं की आधी अंधारात त्या माणसाच्या शेवटच्या क्षणांचे आवाज ऐकू येतात, मग मृत्यूच्या नेमक्या क्षणी गोठलेलं दृश्य समोर येतं. त्यात तुम्ही फिरू शकता, पण काहीच हलत नाही. बघणाऱ्यांच्या दृष्टीने याहून सोयीचं काय असणार? चटकन बटण दाबायची गरज नाही, घाई नाही, आणि चार डोळे दोन डोळ्यांपेक्षा खरोखरच जास्त बघतात.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. अंधारात दारावर आलेल्या माणसांचे आवाज येतात, आतल्याला ते ‘कॅप्टन’ म्हणून हाक मारतायत. मग गोळीचा आवाज. दृश्य उघडतं तेव्हा दारात उभा असलेला माणूस बंदूक झाडताना दिसतो आणि समोरचा कोसळतोय. आता वहीतल्या नावांच्या यादीत प्रत्येकाचा हुद्दा लिहिलेला आहे. कॅप्टन एकच, रॉबर्ट विटरेल. म्हणजे गोळी झाडणाऱ्याचं नाव मिळालं. मेलेल्याचं मात्र मिळालं नाही. कसा मेला आणि कोणी मारलं एवढं भरता येतं, नाव अजून रिकामं. सगळा गेम असाच पुढे जातो: ऐकलेला एक शब्द, यादीतला एक हुद्दा आणि चित्रातला एक चेहरा, या तिन्हींचा मेळ घालायचा.

इथे कामं वाटून घ्या. खेळणारी व्यक्ती फक्त फिरते आणि सांगितलेल्या जागी थांबते. एक जण कान: आवाजाच्या भागात डोळे मिटून ऐकायचं, कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, कोणत्या भाषेत आणि कोणत्या लकबीत बोलतो ते सांगायचं. यादीत प्रत्येकाचा देशही दिलेला आहे, त्यामुळे बोलण्याची ढब हा पुरावाच असतो. तिसरा जण आपली कागदी वही सांभाळतो, आणि दृश्यात सुटलेलं टिपणारी नजरही कोणीतरी व्हायचं. आमच्याकडे आई नजर झाली. मी मेलेल्या माणसाकडे बघत असताना तिचं लक्ष मागच्या कोपऱ्यात असतं. ‘थांब, तो मागे पळणारा परत दाखव, त्याच्या अंगातले कपडे बाकीच्यांसारखे नाहीत,’ असं तिचं सारखं चालू असतं, आणि बहुतेक वेळा धागा तिथेच सापडतो.

या गेममध्ये अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा: दृश्य पहिल्यांदा उघडतं तेव्हा ते बघायला ठरावीकच वेळ मिळतो, मग गेम स्वतःच वही उघडून नोंद करतो. बघणारे इथे ‘अरे, अजून बघायचं होतं’ म्हणून ओरडतात. घाबरू नका, नोंद झाल्यावर त्याच दृश्यात परत फिरता येतं. पण नंतर तेच दृश्य बघायचं तर वहीतून थेट तिथे जाता येत नाही, जहाजावर त्या प्रेतापर्यंत पुन्हा चालत जावं लागतं. म्हणून दृश्यातून बाहेर पडण्याआधी सगळ्यांना एकदा विचारा: कोणाला काही परत बघायचंय का?

दुसरी जागा: अंधूक चेहरे. वहीतल्या चित्रात काही चेहरे धूसर दिसतात. त्याचा अर्थ त्या माणसाला ओळखायला पुरेशी माहिती अजून तुमच्यासमोर आलेलीच नाही. त्यावर वाद घालण्यात वेळ जातो. आधी स्पष्ट चेहऱ्यांकडे वळा. प्रत्येक चेहऱ्याची ओळख किती अवघड आहे हेही वहीत खुणांनी दाखवलेलं असतं, त्यातले सोपे आधी घ्या.

तिसरी जागा सगळ्यात मोहाची. तीन जणांची माहिती पूर्ण बरोबर झाली की गेम त्या तिघांना पक्कं करतो. दोन नावांची खात्री असेल तर तिसरं नाव अदलाबदल करत अंदाजाने बसवता येतं. खेळणाऱ्याला ते सहज जमतं, पण ज्या व्यक्तीने चेहरा ओळखायला अर्धा तास घालवलेला असतो तिचा सगळा उत्साह जातो. आमचा नियम असा: कारण मोठ्याने सांगता आलं तरच नाव भरायचं.

मर्यादाही सांगते. चित्र फक्त दोन रंगांच्या ठिपक्यांचं आहे, काहींचे डोळे त्याने थकतात. सेटिंगमध्ये जुन्या मॉनिटरांचे वेगवेगळे रंग निवडता येतात, ते सगळ्यांना दाखवून एक ठरवा. वहीतली अक्षरं लांबून वाचणं कठीण जातं, तेव्हा नावं मोठ्याने वाचावी लागतात. रक्त आणि क्रूर मृत्यू आहेत, त्यामुळे लहान मुलं झोपल्यावरच. आणि संवादांवर इतकं अवलंबून असल्यामुळे इंग्रजी कानाला सवयीचं नसेल तर हा गेम त्या व्यक्तीला बाहेरच ठेवेल, तिच्यासोबत दुसरा काही निवडा.

पूर्ण व्हायला साधारण 10 तास धरा. दीड-दोन तासांच्या बैठकी बऱ्या. त्यापुढे चेहरे एकमेकांत मिसळायला लागतात.

6. निर्णयांचे गेम: मत कोणाचं चालणार ते आधी ठरवा

दुसऱ्या प्रकारात पात्राने काय करायचं ते घरात ठरतं. इथे अडचण घड्याळाची. टेलटेलच्या ‘द वॉकिंग डेड’मध्ये (2012) उत्तर निवडायला काही सेकंदच मिळतात, आणि गप्प राहणं हेही एक उत्तर धरलं जातं. तीन माणसांची चर्चा एवढ्या वेळात होत नाही. शेवटी खेळणारा घाईने काहीतरी दाबतो आणि बाकीचे चिडतात.

म्हणून या प्रकाराची सुरुवात ‘लाइफ इज स्ट्रेंज’ने (2015) करा. यातली मॅक्स ही विद्यार्थिनी वेळ थोडा मागे नेऊ शकते. त्यामुळे एक उत्तर देऊन लगेच काय होतं ते बघायचं, मागे जायचं, दुसरं देऊन बघायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवायचं, असं आरामात करता येतं. गंमत अशी की लगेच चांगला वाटलेला निर्णय पुढे तसाच राहील याची खात्री नसते, त्यामुळे वाद खरे होतात. पाच भाग आहेत, दर आठवड्याला एक बघितला तरी चालतं. आत्महत्येचा विषय यात ठळकपणे येतो, हे आधी सगळ्यांना सांगून ठेवा.

घड्याळ असलेले गेम घेतले तर मतदान करू नका, पात्रं वाटा. ‘अंटिल डॉन’मध्ये (2015) आठ तरुण पात्रं आहेत, त्यातलं प्रत्येक मरू शकतं किंवा वाचू शकतं. गेम आलटूनपालटून एकेकाला चालवायला देतो. घरात प्रत्येकाने दोन-तीन पात्रं घ्यायची आणि आपलं पात्र समोर असताना शब्द फक्त आपला. खेळणाऱ्याने तो मुकाट्याने दाबायचा. चुकीच्या निर्णयाने एखादं पात्र गेलं तर ते गेलं. गेम आपणहून सेव्ह करत राहतो, आणि मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. हा भयपट आहे आणि प्रौढांसाठीच आहे.

घरात प्रत्येकाकडे फोन असेल तर ‘ॲज डस्क फॉल्स’ (2022) बघा. यात आठ जणांपर्यंत सगळे आपापल्या फोनवरून मत देतात, बहुमत चालतं, आणि कोणाला अगदीच पटलं नाही तर बहुमत उलटवायची मोजकी संधी प्रत्येकाला मिळते. ती संधी कोण कशावर खर्च करतं हे बघणं फार बोलकं असतं.

7. लांब गोष्ट असेल तर

मोठे गेम वर्ज्य नाहीत, फक्त दोन वेळा वेगळ्या ठेवा. गोष्टीचा वेळ सगळ्यांचा. बाजूची कामं, वस्तू गोळा करणं, नकाशाचे कोपरे धुंडाळणं हा वेळ तुमचा एकट्याचा. एकट्याने खेळताना मुख्य गोष्ट एक पाऊलही पुढे न्यायची नाही. ‘थोडंसंच बघितलं’ असं म्हणून पुढे गेलात तर बघणाऱ्यांच्या ते लगेच लक्षात येतं, कारण पुढच्या प्रसंगात तुम्हाला आश्चर्य वाटत नाही.

मध्येच उठायची जागाही आधी हेरून ठेवा. ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये कॅमेरा कुठेच तुटत नाही, सलग एकच दृश्य चालू राहतं, त्यामुळे ‘आता इथे थांबू’ अशी जागा मिळत नाही. तिथे होडीचा प्रवास सोयीचा. वल्हवताना पात्रं जुन्या कथा सांगतात, लढाई नसते. कथा संपेपर्यंत होडी काठाला लावू नका, आणि काठाला लागल्यावर बैठक संपवा.

उठण्याआधी वहीत दोन-तीन ओळी लिहा: आत्ता कुठे आहोत, कोण कोणावर संशय घेतंय, कोणता प्रश्न सुटलेला नाही. पुढच्या वेळी त्या ओळी बघणाऱ्यांपैकी कोणीतरी वाचून दाखवायच्या, खेळणाऱ्याने नाही. वाचणारा एखादं नाव विसरला किंवा चुकलं, तर तेवढ्यापुरतं मागचं दृश्य परत दाखवा आणि मगच पुढे जा.

एखादी बैठक कोणी चुकवली तर ती तुम्ही थोडक्यात सांगून भरून काढू नका. ज्याने बघितली त्याला सांगू द्या. भाऊ आईला सांगतो तेव्हा त्याला न कळलेल्या गोष्टीही त्यात उघड्या पडतात, आणि पुढच्या वेळी कुठे हळू जायचं, कुठे थांबून विचारायचं ते मला कळतं.